चलन जुळले, तरी ठेकेदाराचा टीडीएस गेला कुठे?

एका गृहनिर्माण सोसायटीचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने इमारत रंगवून घेतली. ठेकेदार एकट्याने व्यवसाय करणारा, बिल ४ लाखांचे. सोसायटीने १ टक्क्याने ४,००० रुपये टीडीएस कापला, ६ डिसेंबरला चलन भरले आणि ३१ जानेवारीच्या मुदतीत तिमाहीचे २६क्यू विवरणपत्र दाखल केले. तरीही ठेकेदाराच्या २६एएसमध्ये ते ४,००० रुपये दिसेनात.

या विवरणपत्रात दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली चलनाची: बँकेचा सात अंकी बीएसआर कोड, भरणा केल्याची तारीख, चलन क्रमांक आणि रक्कम. दुसरी, त्या चलनाखाली कुणाचा किती कर आहे याच्या ओळी. पैसे सरकारजमा झाल्याचे चलनावरून कळते. ते कुणाच्या नावे जमा करायचे, हे मात्र फक्त पॅन ठरवतो.

इथे चलन बरोबर होते, पॅन चुकला होता. फाइल तपासणारे एफव्हीयू सॉफ्टवेअर पॅनची रचना पाहते, मालक पाहत नाही. चुकीचा पॅन अस्तित्वातच नसता, तर विभागाने २० टक्के दराने ८०,००० रुपये कर धरून ७६,००० रुपयांची मागणी, वर व्याज, अशी नोटीस काढली असती आणि चूक लगेच कळली असती. पण तो दुसऱ्या कुणाचा तरी खरा पॅन निघाला. म्हणून नोटीस आली नाही. श्रेय तिसऱ्याच माणसाला गेले. माझ्या मते हीच चूक सर्वांत घातक, कारण सोसायटीचे कागद निर्दोष दिसतात आणि भुर्दंड ठेकेदाराला बसतो.

ती दुरुस्त करायला कर पुन्हा भरावा लागत नाही. सोसायटीने ट्रेसेसवर लॉगिन करून त्या तिमाहीची एकत्रित फाइल मागवायची, तीच ओळ उघडून पॅन बदलायचा आणि दुरुस्ती विवरणपत्र दाखल करायचे. पुष्कळ जण इथे जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी जोडतात. मग ४,००० च्या चलनावर ८,००० चा बोजा पडतो आणि कर कमी भरल्याची नवीच नोटीस येते. उशिराच्या मूळ विवरणपत्राला दिवसाला २०० रुपये शुल्क लागते, दुरुस्तीला ते नाही. त्यामुळे टाळाटाळीला कारण उरत नाही.

दुरुस्तीवर प्रक्रिया झाली की ट्रेसेसवरून नवा फॉर्म १६ए काढून ठेकेदाराला द्यावा. त्याचे रिटर्न आधीच भरून श्रेय नाकारले गेले असेल, तर त्याला त्यानंतर दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

खजिनदारांनी पहिला धनादेश काढण्यापूर्वीच ट्रेसेसवर पॅन टाकून समोर येणारे नाव वाचावे, आणि विवरणपत्र भरल्यावर ठेकेदाराला त्याचे २६एएस उघडून पाहायला आवर्जून सांगावे.