‘गोल्ड’मध्ये एसी किती वाजेपर्यंत?

पुण्यात कोथरूड, बाणेर किंवा विमाननगर भागात को-वर्किंगची जागा शोधायला निघालेल्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर दोन दिवसांत चार-पाच दरपत्रके जमा होतात. एकावर सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. दुसऱ्यावर स्टार्टर, प्रो, एलिट. दर ‘५,९९९ रुपयांपासून’, वेळ ‘२४ तास’, आणि खाली कॉफीचा कप, वाय-फाय, प्रिंटर यांची गोंडस चित्रे. ही पत्रके शेजारी-शेजारी ठेवली तरी कोणती जागा स्वस्त, ते कळत नाही. मग फोन करावा लागतो.

दरपत्रक सुधारायचे असेल, तर मालकाने हे फोन आठवडाभर कान देऊन ऐकावेत आणि विचारलेले प्रश्न वहीत उतरवावेत. रोज तीच जागा मिळेल का, रात्री थांबता येईल का, जीएसटी धरून किती, डिपॉझिट किती, मीटिंग रूमचे वेगळे पैसे पडतात का. असे सात-आठ प्रश्न फिरून फिरून येतात. तक्त्याच्या ओळी तेवढ्याच. गोल्ड-सिल्व्हर ही नावे तर पहिल्याच झटक्यात काढावीत. हे काही दागिन्यांचे दुकान नव्हे. ‘कुठेही बसा’, ‘स्वतःचे टेबल’, ‘बंद केबिन’ असे लिहिले की निम्मे काम झाले. नुसता पत्ता देणारे ‘व्हर्च्युअल ऑफिस’ या तक्त्यात नकोच. तिथे बसायला खुर्ची मिळत नाही, त्यामुळे त्याची तुलना खुर्चीशी होत नाही. त्याची माहिती वेगळी द्यावी.

आता दर. एक मध्यम आकाराची जागा घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. ‘कुठेही बसा’ योजना महिना ६,००० रुपये, एका दिवसाचा पास ४५० रुपये, दहा दिवसांचा संच ४,००० रुपये. या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून जाणारी रक्कम अनुक्रमे ७,०८०, ५३१ आणि ४,७२० रुपये. मोठ्या अक्षरांत हेच आकडे हवेत. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला कराचे क्रेडिट घेता येते, म्हणून मूळ दर आणि कर बारीक अक्षरांत खाली द्यावा. पण नोंदणी नसलेल्या भाषांतरकाराला किंवा चित्रकाराला पूर्ण रक्कम मोजावीच लागते. सुरुवातीला कमी दर दाखवून कर आणि शुल्के शेवटी उघड करण्याच्या प्रकाराला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली अधिसूचित केलेल्या डार्क पॅटर्नच्या १३ प्रकारांत त्याचा समावेश आहे.

समजा, एक भाषांतरकार आठवड्यातून तीन दिवस येणार आहे. महिन्याचे साधारण १३ दिवस होतात. दहाचा एक संच आणि वर तीन सुटे पास घेतले, तर तिला ६,३१३ रुपये पडतील. मासिक योजनेपेक्षा ७६७ रुपये कमी. चौदाव्या दिवशीही पासच परवडतात. पंधराव्या दिवशी पासांचा खर्च ७,३७५ होतो आणि मासिक योजना स्वस्त ठरते. हे गणित ग्राहकाने कॅल्क्युलेटर काढून का करावे? ‘महिन्यात १५ किंवा अधिक दिवस येणार असाल, तर मासिक योजना घ्या’ ही एक ओळ दरपत्रकावर पुरते. तिच्याच शेजारी संचाची मुदतही हवी. दहा पास ३० दिवसांत संपवायचे की ६०, हे लिहिले नसेल, तर न वापरलेले पास वाया गेल्यावर भांडण ठरलेले. पहिल्या महिन्याची एकूण रक्कमही स्पष्ट लिहावी. डिपॉझिट ६,००० असेल, तर मासिक योजनेत पहिल्या दिवशी १३,०८० रुपये भरायचे आहेत, त्यातले ६,००० परत मिळणार आहेत, आणि सोडताना ३० दिवस आधी कळवायचे आहे.

सर्वांत फसवी ओळ वेळेची. २००५ साली ब्रॅड न्यूबर्ग याने सॅन फ्रान्सिस्कोत पहिली को-वर्किंग जागा सुरू केली, तेव्हा ती आठवड्यातून दोनच दिवस उघडी असे. ते सांगायला एक वाक्य पुरत असेल. आजच्या ‘२४ तास’मध्ये तीन वेगवेगळी घड्याळे दडलेली असतात: दार कधी उघडते, रिसेप्शनवर माणूस कधी असतो आणि एसी कधी चालतो. अनेक इमारतींत मध्यवर्ती एसी संध्याकाळी सातच्या सुमारास बंद होतो. शिवाय रात्री दार उघडणारे कार्ड बहुतेक वेळा स्वतःचे टेबल किंवा केबिन घेणाऱ्यालाच मिळते.

न्यूयॉर्कच्या ग्राहकासाठी काम करणाऱ्याला हे फार लागते. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. त्याचा दिवस सुरू होतो आणि डोक्यावरचा एसी बंद पडतो. ‘२४ तास’ खोडून असे लिहावे: ‘दार: कार्डधारकांना कधीही. रिसेप्शन: सोमवार ते शनिवार, ९ ते ७. एसी: सोमवार ते शनिवार, ९ ते ७, नंतर पंखे.’ रविवारची स्थितीही सांगावी. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात, तेव्हा जनरेटरवर काय चालते तेही एका ओळीत यावे. ‘पॉवर बॅकअप’ म्हटले की ग्राहक एसी धरूनच चालतो; प्रत्यक्षात कित्येकदा दिवे, इंटरनेट आणि टेबलाचे सॉकेट एवढेच चालू राहते.

सुविधांचा तक्ता मात्र कापावा तितका चांगला. वाय-फाय, चहा-कॉफी, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह यांच्यासमोर तिन्ही योजनांत बरोबरची खूण असेल, तर त्या ओळींचा तुलनेला काही उपयोग नाही. ‘सर्वांना मिळते’ असे म्हणून त्या तक्त्याच्या वर एका वाक्यात उरकाव्यात. तक्त्यात फक्त फरक राहतील, आणि तेही आकड्यांत: मीटिंग रूम महिन्याला शून्य, चार किंवा दहा तास, त्यापुढे तासाला किती, उरलेले तास पुढच्या महिन्यात जातात की नाही, लॉकर आहे की नाही, प्रिंट किती पाने. आणखी एक गोष्ट क्वचितच छापली जाते, पण पहिल्याच दिवशी जाणवते. फोनवर बोलायच्या बंद खोक्या किती आणि खुर्च्या किती? साठ खुर्च्यांमागे दोनच खोक्या असतील, तर सकाळी अकराला सगळे जिन्यात उभे राहून बोलत असतात.

म्हणूनच ‘फ्री ट्रायल’ एवढे दोन शब्द अपुरे आहेत. किती दिवस, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, ओळखपत्र लागते का, मीटिंग रूम वापरता येते का, आणि ट्रायलला पैसे असतील तर ते पहिल्या बिलातून वजा होतात का, हे सगळे दोन वाक्यांत बसते. पुष्कळ ठिकाणी ट्रायलसाठी शनिवार सुचवतात. शनिवारी जागा निवांत असते, इंटरनेटही धावते. ट्रायल मंगळवारी किंवा बुधवारी मागावी, आणि काम रात्रीचे असेल तर संध्याकाळी सातनंतर तास-दीड तास तिथे बसून पाहावे.