सगळे नियम एकाच वेळी पाळता येतील का?

पायथॉनमध्ये काम करणारे बरेच विद्यार्थी आणि संशोधक नवं पॅकेज बसवायला `conda` वापरतात. आज्ञा दिली की स्क्रीनवर `Solving environment` अशी ओळ येते आणि पुढचे काही क्षण, कधी कधी काही मिनिटं, काहीच हलताना दिसत नाही. याच वेळात संगणक तर्कशास्त्रातला एक जुना प्रश्न सोडवत असतो. प्रत्येक पॅकेजच्या अटी वेगळ्या. याला ते लागतं, त्याचं याच्याशी जमत नाही. या सगळ्या अटी एकदम पाळल्या जातील अशी निवड आहे का, असेल तर कोणती, हे त्याला शोधायचं असतं. हे काम सॅट सॉल्व्हर करतो. ओपनसुसे आणि फेडोरा या लिनक्स प्रणालींमध्येही पॅकेज बसवताना `libsolv` नावाचा असाच भाग कामाला लागतो.

सॉल्व्हरला अटी मात्र एकाच साच्यात द्याव्या लागतात. त्या साच्याला सीएनएफ म्हणतात. अटी त्यात कशा बसवतात आणि मग उत्तर कसं निघतं, हे एका लहान उदाहरणावर हातानं करून पाहता येतं. बारावीच्या गणितातलं तर्कशास्त्राचं प्रकरण ज्यांना आठवतं, त्यांना यातले बरेचसे नियम ओळखीचे वाटतील.

चार पॅकेजं घेऊ: a, b, c आणि d. a म्हणजे ‘पॅकेज a बसवलेलं आहे’ हे विधान. ते खरं तरी असेल किंवा खोटं तरी. `¬` म्हणजे नकार, `∧` म्हणजे ‘आणि’, `∨` म्हणजे ‘किंवा’, आणि `→` म्हणजे ‘जर–तर’. अटी अशा: a चालायला b किंवा c यांपैकी निदान एक हवं. b असेल तर c किंवा d यांपैकी काहीही असता कामा नये. c ला d लागतं. a लाही d लागतं. आणि आपल्याला a बसवायचंच आहे.

```
a → (b ∨ c)
b → ¬(c ∨ d)
c → d
a → d
a
```

सीएनएफमध्ये सूत्राची रचना ठरलेली असते. सगळ्यात बाहेर फक्त ‘आणि’. त्यानं जोडलेल्या प्रत्येक तुकड्यात फक्त ‘किंवा’. नकार असलाच तर थेट एखाद्या अक्षराला चिकटलेला, कंसाला कधीच नाही. अशा एका तुकड्याला क्लॉज म्हणतात.

पहिली पायरी म्हणजे ‘जर–तर’ काढून टाकणं. ‘c असेल तर d हवं’ ही अट दोनच प्रकारे पाळली जाते: एक तर c नसतंच, किंवा d असतं. म्हणून `c → d` च्या जागी `¬c ∨ d` लिहायचं. नकार बाणाच्या डावीकडच्या विधानाला लागतो. घाईत तो उजवीकडे लागला तर `c ∨ ¬d` होतं आणि अर्थ उलटतो, म्हणजे d ला c लागतं असा. सूत्रात `↔` हे दुहेरी चिन्ह असेल तर आधी त्याचे दोन बाण करायचे, एक जाणारा आणि एक येणारा, आणि मग दोन्ही असेच फोडायचे.

दुसरी पायरी म्हणजे नकार कंसातून आत नेणं. इथे डी मॉर्गनचा नियम लागतो. दुसरी अट आता `¬b ∨ ¬(c ∨ d)` अशी झालेली आहे. ‘c किंवा d यांपैकी काहीही नाही’ याचा अर्थ c नाही आणि d पण नाही. नकार आत गेला की ‘किंवा’चं ‘आणि’ होतं: `¬b ∨ (¬c ∧ ¬d)`.

हातानं करताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात. नकार आत जातो, पण ‘किंवा’ तसंच राहून जातं, आणि क्लॉज `¬b ∨ ¬c ∨ ¬d` असा होतो. दिसायला नीटनेटका, अर्थानं मात्र फार सैल. शंका आली तर एकच किंमत घालून पाहावी: b खरं, c खोटं, d खरं. मूळ अट म्हणते, हे चालणार नाही, कारण b बरोबर d आलेलं आहे. चुकीचा क्लॉज म्हणतो, चालेल, कारण c नाही. दोन्हींची उत्तरं वेगळी आली की पायरी चुकली हे नक्की.

तिसरी पायरी वाटपाची. `¬b ∨ (¬c ∧ ¬d)` मध्ये ‘आणि’ अजून आत अडकलेलं आहे. `¬b` दोघांना वाटून दिलं की ते बाहेर येतं: `(¬b ∨ ¬c) ∧ (¬b ∨ ¬d)`. एका अटीचे दोन क्लॉज झाले. बाकीच्या अटी पहिल्याच पायरीनंतर साच्यात बसल्या होत्या, त्यामुळे एकूण सहा क्लॉज तयार होतात:

```
¬a ∨ b ∨ c
¬b ∨ ¬c
¬b ∨ ¬d
¬c ∨ d
¬a ∨ d
a
```

आता उत्तर शोधायचं. चार विधानांच्या सोळाच शक्यता असल्यानं सत्यता सारणी मांडूनही काम झालं असतं. पण शंभर विधानं असली तर शक्यतांची संख्या एकतीस अंकी होते आणि सारणीचा नाद सोडावा लागतो. क्लॉजच्या रूपाचा फायदा इथे कळतो. ज्या क्लॉजमध्ये एकच अक्षर उरलंय, तिथे निवडीला वावच नसतो. शेवटच्या क्लॉजमुळे a खरं. मग `¬a ∨ d` मधलं `¬a` गळतं, म्हणून d खरं. त्यामुळे `¬b ∨ ¬d` मधलं `¬d` गळतं, म्हणून b खोटं. शेवटी पहिल्या क्लॉजमध्ये फक्त c उरतं, म्हणून c खरं. उरलेले दोन क्लॉज तपासले तर तेही पाळलेले दिसतात. म्हणजे a, c आणि d बसवायचं, b वगळायचं. सगळ्या अटी एकदम पाळता येतात, आणि त्या पाळण्याचा हा एकमेव मार्ग आहे, कारण वाटेत कुठेही अंदाज करावा लागला नाही.

मोठ्या सूत्रांत अशी साखळी मध्येच थांबते. मग सॉल्व्हर एखादं विधान तात्पुरतं खरं धरून पुढे जातो, विसंगती आली तर मागे येतो आणि तेच विधान खोटं धरतो. मार्टिन डेव्हिस, जॉर्ज लोगमन आणि डोनाल्ड लव्हलँड यांनी 1962 मध्ये मांडलेली ही रीत आजच्या सॉल्व्हरांचाही पाया आहे. 1990 च्या दशकात त्यात एक मोठी भर पडली: विसंगती आली की ती कशामुळे आली हे शोधून त्याचा नवा क्लॉज लिहून ठेवायचा, म्हणजे त्याच खड्ड्यात पुन्हा पडायला नको.

वाटपाच्या पायरीत मात्र एक मोठा धोका आहे. `(x1 ∧ y1) ∨ (x2 ∧ y2) ∨ (x3 ∧ y3)` वाटायला घेतलं तर प्रत्येक कंसातून एकेक अक्षर उचलण्याचे जितके प्रकार, तितके क्लॉज होतात. तीन कंसांचे आठ. दहा कंसांचे 1024. तीस कंसांचे 107 कोटींहून जास्त. सूत्र कागदाच्या अर्ध्या पानावर मावतं, पण त्याचं सीएनएफ संगणकालाही पेलत नाही.

यावरचा उपाय ग्रिगोरी त्सेइतिन या रशियन गणितज्ञानं 1960 च्या दशकात दिला. प्रत्येक कंसाला एक नवं नाव द्यायचं. z1 म्हणजे `x1 ∧ y1`. हे नातं सांगायला तीन लहान क्लॉज पुरतात: `¬z1 ∨ x1`, `¬z1 ∨ y1` आणि `z1 ∨ ¬x1 ∨ ¬y1`. सगळ्या कंसांसाठी असं केल्यावर शेवटी फक्त `z1 ∨ z2 ∨ z3` लिहायचं. तीस कंसांसाठी 107 कोटींच्या जागी 91 क्लॉज होतात. नवी अक्षरं आल्यामुळे हे सूत्र मूळ सूत्राशी तंतोतंत समान राहत नाही. पण एक पाळता येत असेल तर दुसरंही पाळता येतंच, आणि सापडलेल्या उत्तरातून z बाजूला काढले की मूळ सूत्राचं उत्तर हातात उरतं. सॉल्व्हरला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

क्लॉज संगणकाला देताना a, b, c, d यांना 1 ते 4 हे क्रमांक दिले जातात. उणे चिन्ह म्हणजे नकार, आणि प्रत्येक क्लॉजच्या शेवटी शून्य. पहिल्या ओळीत विधानांची आणि क्लॉजची संख्या:

```
p cnf 4 6
-1 2 3 0
-2 -3 0
-2 -4 0
-3 4 0
-1 4 0
1 0
```

हे शून्य फार महत्त्वाचं असतं. चौथ्या ओळीतलं `-2 -4` नंतरचं शून्य राहून गेलं तर ती ओळ आणि पुढची ओळ मिळून एकच क्लॉज होतो: `-2 -4 -3 4`. त्यात 4 आणि `-4` दोन्ही आहेत, म्हणजे तो नेहमीच खरा. b चं d शी जमत नाही ही अट आणि c ला d लागतं ही अट, दोन्ही गुपचूप नाहीशा होतात. मग a, b आणि d एकत्र बसवा असं बेकायदा उत्तरही सॉल्व्हर बिनदिक्कत देऊ शकतो. खूण एकच: क्लॉज सहाच्या जागी पाच भरतात.

आता समजा, वापरणाऱ्यानं सांगितलं की c त्याला नको. सातवा क्लॉज `¬c`. मघाची साखळी पुन्हा चालवली तर a खरं, d खरं, b खोटं, आणि पहिल्या क्लॉजमध्ये c शिवाय काही उरत नाही. पण c ला तर बंदी आहे. उत्तर येतं `UNSATISFIABLE`, म्हणजे अशी निवडच अस्तित्वात नाही.

‘होय’ हे उत्तर तपासणं सोपं असतं, किमती घालून पाहिल्या की झालं. ‘नाही’ हे उत्तर कशावरून मानायचं? त्यासाठी क्लॉजच्या जोड्या लावता येतात. एकात d आणि दुसऱ्यात `¬d` असेल तर ते दोन खोडून उरलेलं एकत्र लिहायचं. `¬a ∨ d` आणि `¬b ∨ ¬d` यांतून `¬a ∨ ¬b` मिळतं. त्याची पहिल्या क्लॉजशी जोडी लावली की `¬a ∨ c`. त्याची `¬c` शी लावली की नुसतं `¬a`. आणि `¬a` ची a शी लावली की काहीच उरत नाही. रिकामा क्लॉज कोणत्याही किमतींनी खरा होत नाही, त्यामुळे सूत्र पाळता येणं अशक्य, हे सिद्ध झालं.

इथे चार ओळींत झालेलं काम 2016 मध्ये मारिन हॉयले, ऑलिव्हर कुलमन आणि व्हिक्टर मारेक यांनी पायथागोरसच्या त्रिकुटांविषयीच्या एका प्रश्नासाठी केलं, तेव्हा सिद्धतेची फाइल सुमारे 200 टेराबाइट भरली. 1 ते 7825 या संख्या दोन रंगांत अशा रंगवता येत नाहीत की a² + b² = c² असलेलं एकही त्रिकूट एकरंगी होणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. 7824 पर्यंत मात्र तसं रंगवता येतं.

आपल्या लहान सिद्धतेत सातपैकी पाचच क्लॉज लागले. `¬b ∨ ¬c` आणि `¬c ∨ d` यांना हातही लावावा लागला नाही, म्हणून त्या दोन अटी सैल करून काही साधणार नाही. लागलेल्या पाचांपैकी तीन अटी पॅकेजं लिहिणाऱ्यांच्या आहेत. वापरणाऱ्याच्या हातात दोनच उरतात: a चा आग्रह सोडणं, किंवा c वरची बंदी उठवणं.