सिमेंटची ऑर्डर आधीची, कर कोणता? २२ सप्टेंबरनंतरचं बिल असं तपासा

भिगवण : जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्के केला. नवा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. घराचं बांधकाम काढलेल्या अनेकांनी दुकानात ऑर्डर आधीच दिलेली होती. त्यांना कोणता दर लागतो, हे आम्ही इथे सांगतो.

ऑर्डरची तारीख इथे मोजली जात नाही. माल मिळणं, बिल होणं आणि पैसे देणं, या तीन गोष्टींपैकी दोन ज्या बाजूला, तो दर.

समजा, १०० गोण्या सांगितल्या, करापूर्वीची किंमत ३०,००० रुपये. फक्त ॲडव्हान्स दिला असेल आणि माल, बिल दोन्ही २२ नंतर असतील, तर नवा दर लागतो. बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के, एकूण ३५,४०० रुपये. पण २२ सप्टेंबरच्या आधी पक्कं बिल करून पूर्ण पैसे दिले असतील आणि माल नंतर उचलला असेल, तर जुनाच दर, ३८,४०० रुपये. फरक ३,००० रुपयांचा.

माल आणि बिल आधीच झालं असेल आणि फक्त उधारी द्यायची असेल, तर कर जुनाच राहतो. तिथे दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही.

कर धरून एकच भाव सांगितला असेल, तर मूळ किंमत आणि कर वेगळे लिहून घ्या.