भाजणीला इंग्रजींत काय म्हणावें?

लंडन येथें आमच्या एका स्नेह्यांचें छोटेंसें उपाहारगृह आहे. तेथील पदार्थांची इंग्रजी यादी नव्यानें छापावयाची होती, म्हणून तिचा मसुदा त्यांनीं आमच्याकडे पाहावयास पाठविला. वडे, भात, कोशिंबिरी यांची वाट कशीबशी लागली होती. परंतु थालीपिठापुढें ‘मल्टिग्रेन पॅनकेक’ हे शब्द पाहून आम्ही थबकलों.

त्या शब्दांचा परिणाम स्नेह्यांनींच पत्रांत कळविला होता. एका गिऱ्हाइकानें थालीपिठावर मध मागितला. दुसऱ्यानें त्यांत अंडें असेल अशा समजुतीनें तें घेतलेंच नाहीं. यांत त्यांचा दोष तो काय? पॅनकेक म्हणजे अंडें व दूध घातलेलें सैल पीठ तव्यावर ओतून केलेला मऊ पदार्थ. थालीपीठ हातानें थापावयाचें, मध्यें भोकें पाडून तेल सोडावयाचें आणि खरपूस होऊं द्यावयाचें.

‘मल्टिग्रेन’ या शब्दानें तर मर्मच हुकतें. अनेक धान्यांचें पीठ कच्चेंही असूं शकतें. भाजणींत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहूं, डाळी, धने, जिरें हीं सारीं वेगवेगळीं भाजून मग एकत्र दळतात. वेगवेगळीं अशासाठीं, कीं हरभऱ्याची डाळ तांबूस होईपर्यंत जिरें करपून जाईल. थालीपिठाचा खमंगपणा या भाजण्यांतूनच येतो.

म्हणजे भाजणी हें धान्याचें नांव नसून कृतीचें नांव आहे. चकलीची भाजणी निराळी. उपासाच्या भाजणींत तर साबुदाणा, वरी, राजगिरा. आपल्या घरांत हा भेद न सांगतां कळतो, परक्या गिऱ्हाइकास मात्र तो सांगावाच लागतो. गव्हांतील ग्लूटेन ज्यांच्या आंतड्यांस सोसत नाहीं, त्यांना एक घासही बाधतो. ब्रिटनमध्यें डिसेंबर 2014 पासून अशा 14 बाधक घटकांची माहिती गिऱ्हाइकास देणें उपाहारगृहांवर बंधनकारक आहे. ग्लूटेनयुक्त धान्यें, तीळ व दूध हीं त्यांत येतात. गहूं वगळला म्हणूनही निर्धास्त होतां येत नाहीं. त्याच गिरणींत आधीं गहूं दळला असेल, तर त्याचें पीठ भाजणींत उतरतेंच.

शेवटीं आम्हीं असें सुचविलें : नांव ‘थालीपीठ’ हेंच रोमन अक्षरांत ठेवावें. त्याखालीं ‘क्रिस्प, स्पाइस्ड, हँड-पॅटेड फ्लॅटब्रेड ऑफ रोस्टेड ग्रेन्स अँड पल्सेस’ एवढेंच लिहावें. आणि शेजारीं गहूं, वरून लावलेले तीळ व सोबतचें लोणी यांचा स्पष्ट निर्देश असावा. ‘रोस्टेड’ हा शब्द जागेअभावीं कापूं नये, अशी आम्हीं आवर्जून विनंती केली. कारण मूळ शब्दाचा अर्थ त्यांतच आला आहे. ‘खमंग’ला मात्र आम्हांस इंग्रजी शब्द सांपडला नाहीं. तें काम तव्यावरून येणाऱ्या वासावर सोंपविलें आहे.