फ्रिज सुरू, एमसीबी खाली

फ्रिजचा दिवा लागतो, आतला गारवाही टिकून असतो. पण कॉम्प्रेसर ‘घुर्र’ करायला लागला की डीबीतला एमसीबी खाली. लगेच फ्रिजला दोष देऊ नये. आधी एमसीबी नेमका कधी पडतो ते पाहावे.

साध्या एकदारी फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना जेमतेम 1 अँपिअर घेतो. मात्र थांबलेली मोटर फिरू लागताना क्षणभर 10-12 अँपिअर ओढते. 6 अँपिअरचा ‘बी’ प्रकारचा एमसीबी 18 अँपिअरपर्यंतचा असा धक्का सोसतो. 18 ते 30च्या दरम्यान कुठेतरी तो तत्क्षणी पडतो. त्यामुळे धडधाकट फ्रिजने एकट्याने तो पाडायला नको. त्याच लाइनवर इस्त्रीसारखे 6-7 अँपिअर घेणारे उपकरण चालू असेल, तर मात्र बेरीज 18 च्या पुढे जाऊ शकते. लोड वेगळ्या लाइनवर टाका, किंवा तेवढ्याच अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी बसवून घ्या. तो 30 अँपिअरपर्यंतचा धक्का सोसतो. थेट 16 चा बसवू नका, कारण त्यामागची बारीक वायर तेवढ्यासाठी घातलेली नसते.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. समजा, एमसीबीच्या स्क्रूखाली वायर ढिली आहे आणि तिथे 4 ओहम अडथळा तयार झाला आहे. 1 अँपिअरला तिथे फक्त 4 व्होल्ट जातात, म्हणून दिवा आणि चार्जर बिनतक्रार चालतात. कॉम्प्रेसरने 11-12 अँपिअर मागितले की तिथेच सुमारे 45 व्होल्ट खर्ची पडतात आणि फ्रिजला 185च्या आसपासच मिळतात. एवढ्यात मोटर फिरली नाही तर ती गुणगुणत तसाच जास्त करंट ओढत राहते. ढिल्या स्क्रूशी शेकडो वॅटची उष्णता होते, ती एमसीबीतल्या पट्टीला पोचते आणि काही सेकंदांत तो पडतो. त्या वेळी त्याच लाइनवरची ट्यूब मंदावते, एमसीबी कोमट लागतो, कधी जळका वास येतो किंवा वायरचे टोक काळवंडते.

लाइनवर दुसरे काही चालू नसतानाही क्षणार्धात एमसीबी पडत असेल, तर वाइंडिंगमधला किंवा रिलेमधला शॉर्ट तपासावा लागतो. ‘T’ बटण असलेला आरसीसीबी पडला, तर करंट अर्थला गळतो आहे असे समजावे. प्लग काढूनच ठेवा.

वीज जाऊन लगेच आली असेल, तर आधी पाच मिनिटे थांबा. आतला गॅसचा दाब उतरला नसेल तर कॉम्प्रेसर अडतो. मग फ्रिज दुसऱ्या लाइनवरच्या प्लगला लावून पाहा. तिथे नीट चालला तर दोष पहिल्या लाइनचा. डीबीचे झाकण मात्र वायरमनच उघडेल: मेन स्विच खाली केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टर्मिनलवर वीज असतेच.