जस्ताचा एक कण आणि मातीचा अहवाल

विदर्भातली काळी माती ओली असते तेव्हा चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. म्हणून प्रयोगशाळेत नमुना सावलीत कागदावर पसरताना ढेकळं ओलसर असतानाच हातानं फोडतात. उन्हात किंवा भट्टीत वाळवणं टाळतात, कारण उष्णतेनं पालाशाचं प्रमाण बदलतं.

मग लाकडी खलात कुटून नमुना २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. मुळं आणि खडे वेगळे होतात, पण उरलेली ढेकळं फेकायची नाहीत. ती पुन्हा कुटायची, नाहीतर चिकणमातीच नमुन्यातून वजा होते.

खरी जोखीम जस्ताच्या तपासणीत असते. किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी उपलब्ध जस्त असेल तर साधारणपणे कमतरता धरतात. समजा, अर्धा किलो नमुन्यात हे प्रमाण ०.४ आहे. पितळी चाळणीतून किंवा जस्ताच्या बादलीतून फक्त ०.१ मिलिग्रॅम विरघळणारं जस्त मिसळलं, की आकडा ०.६ वर जातो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि शेतकऱ्याला झिंक सल्फेटची शिफारस मिळत नाही! म्हणून इथे नायलॉनची चाळणी हवी. प्रत्येक नमुन्यानंतर खल-चाळणी ब्रशनं साफ करायची. पुढच्या नमुन्याची चिमूटभर माती फिरवून टाकून दिली तर आणखी चांगलं.

चिठ्ठ्या दोन, पेन्सिलीनं लिहिलेल्या: एक पिशवीत, एक बाहेर. वाळवतानाही चिठ्ठी नमुन्याच्या कागदावरच राहते.