भाड्याचा चेक बाउन्स झाला? भाडेकरूला पत्र असं लिहा

तुमचा एक गाळा भाड्याने दिलाय. भाडेकरू माणूस चांगला, दोन वर्षं वेळेवर पैसे देतोय. आणि एक दिवस बँकेतून चेक परत येतो. मग आपण काय करतो? फोन करतो. तो म्हणतो, "साहेब, पुढच्या आठवड्यात नक्की." असे चार आठवडे जातात, आणि तिथेच आपली चूक होते.

कारण चेक परत आला की एक घड्याळ सुरू होतं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ नुसार, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत तुमची लेखी मागणी गेली पाहिजे. फोन लेखी नसतो. मागणी मिळाल्यावर भाडेकरूला १५ दिवस मिळतात. त्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करता येते. म्हणून पहिलंच पत्र असं लिहायचं की भाषा सभ्य राहील, पण कायद्याचं कामही होईल.

आधी बँकेकडून रिटर्न मेमो घ्या आणि त्यावरचं कारण वाचा. "खात्यात पुरेशी रक्कम नाही" असेल तर गोष्ट वेगळी. सही जुळत नाही किंवा तारीख चुकली असेल, तर आधी विचारा. नवा चेक मिळून विषय तिथेच संपू शकतो.

आता एक उदाहरण घेऊ. भाडं १८,००० रुपये, चेकची तारीख ५ जून, मेमो मिळाला ९ जूनला. तुमच्या बँकेने रिटर्न चार्ज १५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २७ रुपये, असे १७७ रुपये कापले. करारात लिहिलंय की ५ तारखेनंतर रोज ५० रुपये विलंब आकार. १० जूनला पत्र लिहिलं तर ६ ते १० जून, पाच दिवसांचे २५० रुपये झाले.

पत्र असं:

"श्री. ________ यांस,

गाळा क्र. __ च्या जून महिन्याच्या भाड्यापोटी तुम्ही दिलेला ५ जून तारखेचा, क्रमांक ______, रु. १८,००० चा चेक 'पुरेशी रक्कम नाही' या शेऱ्यासह परत आला. बँकेचा मेमो मला ९ जून रोजी मिळाला. त्याची प्रत सोबत जोडली आहे.

(१) चेकची रक्कम रु. १८,००० कृपया तातडीने, आणि उशिरात उशिरा हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत माझ्या खात्यावर जमा करावी.

(२) याशिवाय, स्वतंत्रपणे: बँकेचा आकार रु. १७७ (उतारा सोबत) आणि करारातील कलम __ नुसार १० जूनपर्यंतचा विलंब आकार रु. २५०.

मुदतीत चेकची रक्कम न मिळाल्यास मला कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल. तशी वेळ येऊ नये, ही इच्छा.

आपला, ________"

आता बघा, रक्कम दोन भागांत का लिहिली? "एकूण १८,४२७ द्या" असं एकच लिहिलं आणि चेकची रक्कम त्यात विरघळून गेली, तर समोरचा वकील म्हणेल की ही मागणी चेकची नाहीच. सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय की चेकची नेमकी रक्कम वेगळी दाखवलेली असावी. शिवाय आकडा चेकशी पैशापैशाने जुळवा.

दुसरी गोष्ट आकारांची. बँकेने खरंच जेवढे कापले तेवढेच मागा, उतारा जोडा. विलंब आकार करारात असेल तरच लिहा. नसेल तर मनाने "५०० दंड" ठोकू नका. त्या एका ओळीवरून वाद पेटतो आणि मूळ १८,००० बाजूला राहतात.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, पोचल्याची नोंद काढून घ्या. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका, पण पोस्टाऐवजी नाही. मूळ चेक आणि मेमो पैसे जमा होईपर्यंत हातातून सोडू नका. "आधी चेक परत द्या, मग पैसे देतो" याला नम्रपणे नाही म्हणा.

आणि भाडेकरू म्हणाला, "चेक पुन्हा टाका, आता पैसे आहेत"? चेकच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो पुन्हा भरता येतो. पण त्याचं हे म्हणणं मेसेजवर घ्या. पत्र पाठवायच्या आधी पुन्हा भरला आणि परत आला, तर नवा मेमो घ्या. ३० दिवस त्या तारखेपासून मोजा. पत्र एकदा पोचलं असेल, तर मात्र पुन्हा भरण्याआधी वकिलाला विचारा.

१५ दिवस उलटून गेले आणि पैसे नाहीतच? मग सोळाव्या दिवशी करार, मेमो, पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती एका फाईलमध्ये घालून वकिलाकडे जा. महिन्याची मुदत तेव्हापासून चालू झालेली असते.